पावसाचा पंधरवडा आणि विषुववृत्तावरची लहर

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे हे भिवंडी तालुक्यातील गाव आज गोदामांसाठी आणि अवजड वाहनांच्या रांगांसाठी ओळखले जाते. महामार्ग सोडून आत वळल्यावर मात्र या परिसरात भाताची खाचरे अजूनही दिसतात. पावसाळ्यात येथील शेतकरी, गोदामातील माथाडी आणि रस्त्याचे खड्डे बुजविणारा ठेकेदार यांना एकच प्रश्न पडलेला असतो. लागलेली झड किती दिवस राहणार, आणि उघडीप मिळालीच तर ती किती टिकणार?

जुन्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर नक्षत्रांत शोधले. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी पावसाची नक्षत्रे प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची असतात. पावसाचा स्वभाव पंधरवड्या-पंधरवड्याने पालटतो, हे निरीक्षण या गणनेत सामावलेले आहे आणि ते निराधार नाही. नक्षत्रांच्या तारखा ठरलेल्या असतात, पावसाच्या पालटाच्या मात्र नसतात, एवढाच फरक आहे. हा पालट घडविणाऱ्या कारणांपैकी एक मोठे कारण वडप्यापासून दोन हजार किलोमीटरहून दूर, विषुववृत्तावर असते. त्याचे नाव मॅडन-ज्युलियन दोलन. इंग्रजी आद्याक्षरांवरून हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘एमजेओ’ म्हणतात.

कॅन्टन बेटावरील नोंदी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी 1971 मध्ये या दोलनाचा शोध प्रसिद्ध केला. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ असलेल्या कॅन्टन या छोट्या बेटावरून हवामानाचे फुगे सोडले जात. त्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी या दोघांनी तपासल्या. वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा चढउतार साधारण 40 ते 50 दिवसांनी पुन:पुन्हा येतो, असे त्यांत आढळले. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर ठिकाणच्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा हा चढउतार स्थानिक नसून पृथ्वीला वळसा घालणाऱ्या एका प्रचंड रचनेचा भाग असल्याचे स्पष्ट झाले.

या रचनेचे दोन भाग असतात. एका भागात हवा वर चढते, ढगांचे थवे दाटतात आणि जोरदार पाऊस पडतो. दुसऱ्या भागात हवा खाली उतरते, आकाश निरभ्र राहते आणि पाऊस दबतो. प्रत्येक भागाचा विस्तार हजारो किलोमीटर असतो आणि ही जोडी एकत्रितपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. तिचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर, म्हणजे दिवसाला चारशे किलोमीटरच्या आसपास असतो. हिंदी महासागरावर जन्मलेला ढगांचा हा पुंज इंडोनेशियाची बेटे ओलांडून मध्य प्रशांत महासागरापर्यंत पोहोचतो, त्यास साधारण महिना लागतो. पुढे पूर्व प्रशांताचे पाणी तुलनेने थंड असल्याने ढग विरतात, पण वाऱ्यातील आणि दाबातील खळबळ अधिक वेगाने पुढे जाऊन उरलेली प्रदक्षिणा पूर्ण करते. एका फेरीला एकंदर 30 ते 60 दिवस लागतात.

लहर इतकी संथ का, याचे उत्तर बाष्पात आहे. कोरड्या हवेतील दाबाची लहर याच्या अनेक पट वेगाने धावते. या लहरीला मात्र ढगांचे ओझे वाहावे लागते. पुंजाच्या पूर्वेला हवेत हळूहळू ओलावा साठतो, तेथे नवे ढग उभे राहतात आणि मागची, म्हणजे पश्चिमेची बाजू कोरडी पडत जाते. म्हणजे ढग वाहून नेले जात नाहीत. पावसाची जागा पुढेपुढे सरकत जाते. समोरची हवा पुरेशी ओली होईपर्यंत लहरीला जणू थांबावे लागते.

पूर्वेकडे जाणारी लहर उत्तरेकडे कशी येते?

लहर विषुववृत्तावरून पूर्वेकडे जाणारी आणि वडपे तर विषुववृत्ताच्या 19 अंश उत्तरेला. मग तिचा येथील पावसाशी संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. उपग्रहांची ढगचित्रे 1970 च्या दशकात दररोज मिळू लागली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील डी. आर. सिक्का आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील, मूळच्या पुणेकर सुलोचना गाडगीळ यांनी ही चित्रे लावून पाहिली. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसले, की पावसाळ्यात ढगांचे दोन पट्टे असतात, एक भारतीय भूमीवर आणि दुसरा विषुववृत्ताजवळील समुद्रावर. समुद्रावरचा पट्टा काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतो आणि भूमीवरच्या थकलेल्या पट्ट्यात नवा जोम भरतो. जपानचे तेत्सुझो यासुनारी यांनीही त्याच सुमारास हा उत्तरेकडचा प्रवास दाखवून दिला होता.

पावसाळ्यात एमजेओचा ढगपुंज हिंदी महासागरात आला, की त्याची एक शाखा पूर्वेकडे जाते आणि एक भाग उत्तरेकडे चढू लागतो. यामागे त्या ऋतूतील वाऱ्यांची रचना असते. खालच्या थरात पश्चिमेकडून आणि वरच्या थरात पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे पट्ट्याच्या उत्तरेला हवा एकवटते व तेथे बाष्प आधी साठते. शिवाय निरभ्र आकाशाखाली उत्तरेकडचा समुद्र तापलेला असतो. त्यामुळे पट्टा दिवसाला सुमारे एक अक्षांश, म्हणजे 110 किलोमीटरच्या आसपास उत्तरेकडे येतो. या हिशेबाने विषुववृत्तावर दाटलेला पट्टा वडप्याच्या अक्षांशावर यायला साधारण तीन आठवडे लागतात.

नेमकी येथेच अनेकांची गफलत होते. ‘एमजेओ हिंदी महासागरात दाखल’ अशी बातमी आली, की पाऊस दोन दिवसांवर आला असे समजले जाते. प्रत्यक्षात आरंभी उलट घडते. विषुववृत्तावर हवा जोराने वर चढत असताना ती भारतीय भूमीवर खाली उतरते आणि येथील ढग दबतात. विषुववृत्तावरचा पाऊस आणि भारतावरचा पाऊस या काळात तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात. एक खाली जाते तेव्हा दुसरे वर जाते. पट्टा उत्तरेकडे सरकू लागला म्हणजे पारडे फिरते. म्हणून लहर हिंदी महासागरात आल्याची वार्ता ही आधी उघडीप आणि मग, दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस अशा क्रमाने वाचावी लागते.

आठ अवस्थांचा नकाशा

लहर कोठे आहे हे सांगण्यासाठी मॅथ्यू व्हीलर आणि हॅरी हेंडन या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये एक निर्देशांक मांडला. उपग्रहाने मोजलेले, पृथ्वीकडून अवकाशात जाणारे उष्णतेचे प्रारण आणि वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वारे यांवरून तो काढतात. उंच ढगांचे माथे थंड असल्याने त्यांच्याकडून प्रारण कमी जाते, त्यावरून ढग ओळखता येतात. हा निर्देशांक एका वर्तुळाभोवती आठ भागांत मांडलेला असतो आणि दर दिवसाचा एक ठिपका त्यावर पडतो. दुसरी व तिसरी अवस्था हिंदी महासागराची, चौथी व पाचवी इंडोनेशियाच्या बेटांची, सहावी व सातवी पश्चिम प्रशांताची, तर आठवी व पहिली पश्चिम गोलार्ध आणि आफ्रिकेची. ठिपके घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. ठिपका मधल्या वर्तुळाच्या आत असेल तर लहर क्षीण समजावी. अशा वेळी तिच्यावरून पावसाचे अनुमान काढण्यात अर्थ नसतो.

पुणे येथील हवामान विभागातील डी. एस. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या अवस्थांची भारतीय पावसाशी सांगड घातली. मान्सूनचा खंड पडण्याची शक्यता सातव्या, आठव्या, पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेत अधिक, तर जोरदार पावसाच्या सत्राची शक्यता तिसऱ्या ते सहाव्या अवस्थेत अधिक असल्याचे त्यांना आढळले. वर सांगितलेल्या तराजूशी हे जुळणारेच आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. वडप्याला जाणवणारी पंधरवड्याची ये-जा दोन वेगवेगळ्या कारणांनी होते. पहिले कारण म्हणजे 30 ते 60 दिवसांचे हे दोलन. त्याचे एक अंग ओले आणि एक कोरडे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला दोन ते चार आठवडे येतात. दुसरे कारण म्हणजे 10 ते 20 दिवसांचे एक लहान दोलन. ते मॅडन-ज्युलियन लहरीचा भाग नाही. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे येते. टी. एन. कृष्णमूर्ती आणि पुण्याच्या संस्थेतील एच. एन. भालमे यांनी 1976 मध्ये त्याचे वर्णन केले. दोन्हींची ओली अंगे एकाच वेळी आली तर झड लांबते, आणि दोन्हींची कोरडी अंगे जुळली तर खंड तीव्र होतो.

2023 चा पावसाळा

हे सारे एकत्र पाहायचे तर 2023 चा पावसाळा उत्तम उदाहरण ठरतो. त्या वर्षी केरळात मान्सून 8 जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा आला. अरबी समुद्रातील ‘बिपरजॉय’ चक्रीवादळाने पुढची वाटचाल रोखून धरली आणि मुंबईत तो 25 जूनला पोहोचला. मृग कोरडाच गेला. जुलैत मात्र चित्र पालटले. पुनर्वसूच्या ‘तरण्या’ आणि पुष्याच्या ‘म्हाताऱ्या’ पावसाने कोकणाला झोडपले. याच सत्रात 19 जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुंबईत सांताक्रूझ येथे जुलैचा पाऊस 1700 मिलिमीटरच्या पुढे गेला. तेथील जुलै महिन्याचा तो विक्रम होता. देशाचा जुलैचा पाऊस सरासरीहून 13 टक्के अधिक झाला.

आणि मग आश्लेषा व मघा ही दोन्ही नक्षत्रे जवळजवळ कोरडी गेली. ऑगस्टमध्ये देशात सरासरी सुमारे 255 मिलिमीटर पाऊस अपेक्षित असताना जेमतेम 163 मिलिमीटर झाला. म्हणजे तूट 36 टक्के. 1901 पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मान्सूनचा आस दक्षिणेकडे येण्याऐवजी हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला. त्याचा परिणाम असा, की महाराष्ट्र पावसाकडे डोळे लावून बसलेला असताना ऑगस्टच्या मध्यास हिमाचल प्रदेशात अतिवृष्टीने हाहाकार उडाला आणि सिमल्यात दरडी कोसळल्या. पायथ्याशी पूर आणि मध्य भारतात कोरड, ही खंडाची ठरलेली खूण आहे.

हवामान विभागाने या तुटीची दोन कारणे सांगितली. एक प्रशांत महासागरातील एल निनो आणि दुसरे एमजेओची प्रतिकूल स्थिती. या दोहोंची कामे मात्र वेगळी आहेत. एल निनो महिनोन्‌महिने टिकतो. संपूर्ण हंगामावर त्याची छाया असते, पण पाऊस ऑगस्टमध्येच का आटला आणि जुलैत का कोसळला, हे एकट्या एल निनोने उलगडत नाही. अशी आठवड्यांची उलथापालथ हंगामाच्या आतल्या दोलनांतून येते. एल निनोची छाया होती म्हणून खंड इतका तीव्र झाला, आणि दोलनाचे कोरडे अंग होते म्हणून तो ऑगस्टमध्ये पडला, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. सप्टेंबरमध्ये एल निनो कायम असूनही पाऊस परतला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार झाली आणि देशाचा महिन्याचा पाऊस सरासरीच्या 113 टक्के झाला. संपूर्ण हंगामाचा आकडा अखेर 94 टक्क्यांवर स्थिरावला.

हंगामाचा हा 94 टक्क्यांचा आकडा वाचून कोणीही फारशी चिंता करणार नाही. पण भाताचे पीक हंगामाच्या सरासरीवर जगत नाही. मान्सून जूनअखेरीस आला की राबातील रोप पंचवीस दिवसांचे होऊन आवणी जुलैच्या उत्तरार्धात जाते. त्या वेळी चिखलणीला भरपूर पाणी होते. ऑगस्टमध्ये फुटवे फुटतात. तेव्हा खाचरात काही बोटे पाणी उभे राहायला हवे. माळाच्या वरकस खाचरांत ते आठवड्याभरात आटते, तर सखल खाचरांत अधिक टिकते. हळव्या जाती ऑगस्टच्या अखेरीस पोटरीत येतात आणि नेमक्या त्याच वेळी कोरड पडली तर दाणा पोचट राहतो. गरव्या जातींना सप्टेंबरच्या पावसाचा आधार मिळू शकतो. एकाच खंडाचा फटका एकाच गावातील दोन बांधांवर वेगळा बसतो, तो असा.

अंदाज कसा वाचावा?

दोलन संथ असल्यामुळेच त्याचा उपयोग होतो. रोजच्या हवामानाचा अंदाज सात-आठ दिवसांपलीकडे विश्वासार्ह राहत नाही. आठवड्यांच्या गतीने सरकणाऱ्या लहरीचा वेध मात्र त्यापुढेही घेता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीवर आधारित विस्तारित अंदाज हवामान विभाग दर गुरुवारी प्रसिद्ध करतो. त्यात पुढील आठवड्यांचा पाऊस सरासरीपेक्षा अधिक की कमी, हे नकाशावर दाखविलेले असते. पहिल्या दोन आठवड्यांवर बऱ्यापैकी विसंबता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा नकाशा केवळ कल सांगतो. व्हीलर-हेंडन निर्देशांक मुख्यतः पूर्वेकडचा प्रवास पाहतो, म्हणून पावसाळ्यातील उत्तरेकडचा प्रवास टिपणारा ‘मिसो’ हा वेगळा निर्देशांकही पुण्यातच तयार झाला आहे.

नकाशा वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली म्हणजे ‘सरासरीपेक्षा कमी’ याचा कोकणातील अर्थ. मुंबई-ठाणे परिसरात जुलैमध्ये आठवड्याला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यात 40 टक्के तूट आली तरी 120 मिलिमीटर पाऊस पडतोच. एवढ्या पावसात भाताचे काही बिघडत नाही आणि खड्ड्यात टाकलेले डांबरही टिकत नाही. तोच नकाशा मराठवाड्यासाठी असेल तर 40 टक्के तूट म्हणजे दुबार पेरणीची टांगती तलवार. दुसरी गोष्ट प्रदेशाची. हवामान विभागाच्या दृष्टीने ‘कोकण आणि गोवा’ हा एकच उपविभाग आहे. पालघरपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यासाठी काढलेला कल वडप्याच्या एका शिवाराला तंतोतंत लागू पडेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण 26 जुलै 2005 चे आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला केवळ 73 मिलिमीटर. कोणतीही विषुववृत्तीय लहर हा फरक सांगू शकत नाही. लहरीवरून पंधरवडा ओला की कोरडा याची शक्यता कळते. ढग कोणत्या दिवशी आणि कोणत्या गावावर रिता होईल, हे नाही. शिवाय कधी लहर इंडोनेशियाच्या डोंगराळ बेटांवर अडखळून विरते, तर कधी आठवडेच्या आठवडे ती उमटतच नाही. निर्देशांकाचा ठिपका वर्तुळाच्या आत शिरला आणि तेथेच घोटाळू लागला, की ते ओळखता येते.

एवढ्या मर्यादांतही काही निर्णय सोपे होतात. पुढचे दोन आठवडे पावसाचे असतील तर युरियाचा हप्ता मागे ठेवणे शहाणपणाचे, नाही तर खत पाण्याबरोबर ओढ्याला जाते. खंडाचा कल दिसत असेल तर बांधांची भगदाडे वेळीच बुजवून खाचरातील पाणी धरून ठेवता येते आणि बेणणी उरकता येते. महामार्गावरील डांबरी कामासाठीही असाच खंड हेरावा लागतो. अशा वेळी नकाशावरील ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळच असेल, तर वडप्याच्या हाती अजून दोन-तीन आठवडे आहेत. तो दहा अंशांवर, म्हणजे केरळच्या वर येऊन ठेपला असेल, तर कामे उरकायला आठ-नऊ दिवसच उरलेले असतात.